भिंतीवरची ओल, कॉलम आणि दवबिंदू

भिंतीवर काळे ठिपके दिसले की पहिला संशय पाइपावर किंवा पावसावर जातो. पण डाग फक्त थंडीत येत असेल आणि कोपऱ्यात, कपाटामागे किंवा बरोबर कॉलमच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात उमटत असेल, तर ते पाणी बहुधा खोलीतल्या हवेचेच असते. गळतीचा डाग पावसानंतर वाढतो आणि त्याच्या कडेला पिवळसर-तपकिरी रेघ उरते. हवेतल्या ओलीचा डाग पहाटे जास्त दिसतो आणि खोली हवेशीर ठेवली की कमी होतो. वॉटरप्रूफिंगवर खर्च करण्याआधी एवढा फरक तरी नक्की पाहून घ्या.

आमची तपासणी दवबिंदूवर आधारलेली आहे. हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते, तो तिचा दवबिंदू. खोलीत २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण १२ अंश येतो. म्हणजे १२ अंशांखाली गेलेल्या पृष्ठभागावर पाणी जमणारच. बुरशीला मात्र पाण्याचे थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागालगतच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली तरी ती वाढते. या खोलीत ती पातळी पृष्ठभाग सुमारे १५.४ अंशांवर असतानाच गाठली जाते. म्हणून आम्ही दोन्ही आकडे पाहतो.

आता २३० मिलिमीटर विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत घ्या. बाहेर ० अंश आहे. विटेचा उष्णतारोध सुमारे ०.२९ (मोजमाप: चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट). त्यात दोन्ही गिलाव्यांचे मिळून ०.०४, आतल्या पृष्ठभागालगतच्या हवेचे ०.१३ आणि बाहेरचे ०.०४ मिळवले की एकूण ०.५० होते. तापमानातली घट या रोधांच्या प्रमाणात वाटली जाते. २० अंशांच्या फरकातले ०.१३ भागिले ०.५०, म्हणजे ५.२ अंश, आतल्या हवेच्या पातळ थरातच खर्च होतात. भिंतीचा आतला पृष्ठभाग १४.८ अंशांवर येतो. पाणी जमणार नाही, पण बुरशीची शक्यता आहे.

त्याच भिंतीतला तेवढ्याच जाडीचा काँक्रीटचा कॉलम पाहा. काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा कितीतरी सहज बाहेर जाते, त्यामुळे त्याचा रोध फक्त ०.१० आणि एकूण ०.३१. हिशेब केला की पृष्ठभाग ११.६ अंश निघतो, म्हणजे दवबिंदूच्याही खाली. उष्णता सहज बाहेर नेणारा असा पट्टा म्हणजेच थर्मल ब्रिज. वीट कोरडी दिसत असताना कॉलमचा पट्टा ओला का, याचे उत्तर या ३.२ अंशांच्या फरकात आहे. कपाट भिंतीला चिकटवले की तिथपर्यंत खोलीची ऊब नीट पोहोचत नाही आणि मागचा भाग आणखी थंड पडतो.

उपाय करताना सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे आतून इन्सुलेशन लावून मोकळे होणे. ५० मिलिमीटर जाडीचे, सुमारे १.४३ रोधाचे लोकरीसारखे इन्सुलेशन आतून लावले, तर खोलीतून पृष्ठभाग ऊबदार लागतो. पण इन्सुलेशनमागचा गिलावा आता ४ अंशांच्या आसपास येतो. वाफ लोकरीतून आरपार जाते आणि तिथे, डोळ्यांआड, पाणी होते. वाफरोधक पडदा ऊबदार बाजूला, सांधे पक्के बंद करून लावला तरच हे टळते. शिवाय स्लॅब जिथे भिंतीत शिरतो तिथे आतले इन्सुलेशन तुटतेच.

तेच इन्सुलेशन बाहेरून लावले, तर विटेचा आतला पृष्ठभाग १८.७ आणि कॉलमचा १८.५ अंश येतो. फरक जवळजवळ मिटतो. जमेल तिथे आम्ही हाच सल्ला देतो. मात्र बाल्कनीचा स्लॅब बाहेरच्या इन्सुलेशनलाही भेदून जातो, तिथे वेगळा विचार लागतो.

या हिशेबाला मर्यादा आहेत. तो उष्णता सरळ भिंतीच्या जाडीतून जाते असे धरतो. कोपरे, कॉलमच्या कडा आणि बाल्कनी यांसाठी उष्णतेचा आडवा प्रवाह मोजणारे संगणकीय प्रारूप लागते. भिंतीच्या आतल्या वाफेसाठी आम्ही ग्लेझर पद्धत वापरतो; थरांमधले तापमान आणि वाफेचा दाब यांवरून पाणी कुठे जमेल ते ती काढते. तिच्यात पाऊस, नव्या बांधकामातले पाणी आणि फटींतून जाणारी हवा येत नाही. फटींतून जाणारी हवा तर गिलाव्यातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा बरीच जास्त ओल नेऊ शकते, म्हणून फटी आम्ही स्वतंत्रपणे तपासतो. बाहेर दमट उष्मा आणि आत सतत वातानुकूलन असेल, तर वाफ बाहेरून आत येते. तिथे वाफरोधक पडद्याची जागाही उलट होते.

आम्ही तपासणीला येण्याआधी शक्य झाल्यास डाग असलेल्या खोलीत आर्द्रतामापक ठेवून आठवडाभर पहाटे आणि रात्री नोंद करा. डाग पुसू किंवा रंगवू नका. त्याची जागा आणि आकार आमच्यासाठी मोजमापाइतकेच मोलाचे असतात.