कुत्र्याच्या लसीचं अ‍ॅप: आठवण वेगळी, नोंद वेगळी

पहिल्यांदाच पिल्लू घरी आणणारी माणसं हल्ली भांड्यांबरोबर एक अ‍ॅपही घेतात. जन्मतारीख, जात आणि वजन भरलं की वर्षभराच्या लसी, जंताचं औषध, खाण्याच्या वेळा असं सगळं पडद्यावर ओळीने उभं राहतं. तारीख आली की फोन वाजतो, आपण बोट लावतो, खूण हिरवी होते. घोळ या हिरव्या खुणेत आहे. एकाच पडद्यावर दोन वेगळ्या गोष्टी शेजारी बसलेल्या असतात आणि दिसायला त्या सारख्याच असतात. एक म्हणजे लस कधी द्यायला हवी याचा अंदाज, दुसरी म्हणजे लस खरोखर कधी, कोणती आणि कोणी दिली याची नोंद. पहिली गणिताने निघते. दुसरी दवाखान्यात घडते.

अंदाजाची तारीख कशी येते ते आधी पाहू. बहुतेक अ‍ॅप जन्मतारखेत ठरलेले आठवडे मिळवतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिला डोस, मग काही आठवड्यांनी दुसरा, तिसरा, आणि तीन महिन्यांच्या आसपास रेबीज. साचा म्हणून यात फारसं चुकीचं काही नाही. पण इतक्या वेळा तीच लस का टोचतात, हे साच्याला ठाऊक नसतं. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळतात. ती पिल्लाला वाचवतात, पण लसीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशनच्या मार्गदर्शनात डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने देत राहायला सांगितलंय, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. डोस किती झाले यापेक्षा शेवटचा कोणत्या वयात झाला, याला जास्त महत्त्व आहे.

एक उदाहरण तारखांसकट घेऊ. पिल्लाचा जन्म १ जून २०२५ चा. अ‍ॅपने तारखा काढल्या: १३ जुलै, ३ ऑगस्ट, २४ ऑगस्ट. म्हणजे सहा, नऊ आणि बारा आठवडे. १३ जुलैच्या आसपास पिल्लाला जुलाब लागले. आजारी पिल्लाला लस नको म्हणून डॉक्टरांनी ती पुढे ढकलली आणि २५ जुलैला दिली. मालकाने घरी येऊन अ‍ॅपमधल्या पहिल्या ओळीवर बोट लावलं. खूण हिरवी झाली, पण दुसऱ्या डोसची तारीख तिथेच राहिली: ३ ऑगस्ट. दोन डोसांमध्ये नऊच दिवस. पहिल्या डोसाने जागी झालेली प्रतिकारशक्ती निवायच्या आत पुन्हा तीच जिवंत लस दिली, तर दुसऱ्या डोसाचा उपयोग होईलच असं नाही. किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं.

दुसरी गडबड याहून मोठी आहे, आणि ती कळायला वेळ लागतो. २४ ऑगस्टला साच्यातला तिसरा डोस संपला की अ‍ॅप ‘पूर्ण’ म्हणतं. पिल्लू तेव्हा बारा आठवड्यांचं असतं. आईची प्रतिपिंडं तोवर ओसरली नसतील तर तिन्ही डोस वाया गेलेले असू शकतात. मालक निर्धास्तपणे पिल्लाला सोसायटीच्या बागेत सोडतो, आणि पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो.

याच पिल्लाची तारखांची साखळी प्रत्यक्षात अशी लावायला हवी होती. पहिला डोस २५ जुलै. तीन आठवड्यांनी १५ ऑगस्ट येतो, त्या दिवशी दवाखाना बंद असण्याची शक्यता जास्त, म्हणून १६ ऑगस्ट. त्यानंतर ६ सप्टेंबर; पिल्लू तेव्हा चौदा आठवड्यांना एक दिवस कमी असतं, त्यामुळे रेबीजचा पहिला डोसही त्याच दिवशी देता येतो. मग २७ सप्टेंबर, जेव्हा सोळा आठवडे उलटून गेलेले असतात. या दिवशी शेवटचा डोस आणि रेबीजचा दुसराही. प्रत्येक तारीख आधीच्या खऱ्या तारखेवरून निघाली. जन्मतारीख लागली ती शेवटी, सोळा आठवडे भरले का हे पाहायला.

अ‍ॅप घेण्याआधी याची परीक्षा पाच मिनिटांत होते. खोट्या नावाचं पिल्लू भरायचं, पहिला डोस मुद्दाम बारा दिवस उशिरा दिल्याचं नोंदवायचं, आणि दुसऱ्याची तारीख सरकते का ते पाहायचं. सरकली नाही तर ते अ‍ॅप फक्त गजर आहे. गजर म्हणून वापरायला हरकत नाही, पण मग त्यात डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेली पुढची तारीख हाताने भरायची आणि अ‍ॅपने आपोआप काढलेल्या तारखा पुसून टाकायच्या. आणखी एक गोष्ट तपासा: बोट लावल्यावर लस दिल्याची तारीख म्हणून काय साठतं? काही ठिकाणी ठरलेली तारीख साठते, काही ठिकाणी बोट लावल्याची. रविवारी रात्री बसून मागच्या तीन नोंदी एकदम हिरव्या केल्या, तर तिन्ही लसी त्याच रविवारी टोचल्यासारख्या दिसतील.

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाची जन्मतारीख हीच मुळात अंदाज असते. डॉक्टर दुधाचे दात पाहून आठवडे सांगतात, अ‍ॅपला मात्र दिवस, महिना आणि वर्ष हवं असतं. तिथे शंका असेल तर वय कमी धरावं. वय जास्त धरलं तर शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधीच होऊन जाण्याचा धोका असतो. कमी धरलं तर फार तर एखादा डोस जास्तीचा होतो.

आता नोंद. दवाखान्यातलं लसीकरणाचं कार्ड नीट पाहिलं तर त्यात लसीच्या बाटलीवरून काढून चिकटवलेलं लेबल असतं. त्यावर कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. शेजारी दिल्याची तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का; शिक्क्यात त्यांचा नोंदणी क्रमांक. यातलं काहीही हिरव्या खुणेत नसतं. म्हणून पुणे महापालिकेच्या कुत्र्याच्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, तिथे अ‍ॅपचा पडदा दाखवून भागत नाही. कुत्रा चार दिवस बोर्डिंगमध्ये ठेवतानाही कार्डच मागतात, आणि ते योग्यच आहे.

लेबलाचा उपयोग सरकारी कागदापुरता नाही. आपल्याकडे अनेक रोगांवरच्या एकत्रित लसींना ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ अशी नावं सर्रास चालतात आणि अ‍ॅपमध्येही लोक तेवढंच लिहितात. पण डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिसचे भाग एका प्रकारचे, लेप्टोचा भाग वेगळ्या प्रकारचा. पहिल्या गटाच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात आणि त्यांचा प्रभाव बराच काळ टिकतो. लेप्टो हा जिवाणू, त्याची लस मृत असते. तिला सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि पुढे दरवर्षी एक. ‘वार्षिक बूस्टर झाला’ एवढीच नोंद असेल, तर त्या बाटलीत लेप्टो होता की नाही हे सांगता येत नाही. मुंबईत किंवा कोकणात, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पावसाळी पाण्यातून कुत्रा रोज फिरतो, तिथे जूनमध्ये हा प्रश्न विचारावाच लागतो. उत्तर लेबलावर असतं. लस दिली त्याच दिवशी लेबलाचा स्पष्ट फोटो काढून त्या तारखेच्या नोंदीला जोडावा. शाई पुसट होते आणि पावसात कार्डं भिजतात.

परदेशी बनावटीच्या अ‍ॅपमध्ये आणखी एक गंमत दिसते. लाइम रोगाच्या लसीची आठवण पुण्यातल्या कुत्र्याच्या मालकाला येते, कारण साचा अमेरिकेचा असतो. आपल्याकडे तिची नेहमीची गरज नसते, म्हणून तिला सरळ बंद करून टाकावं. रेबीजच्या बाबतीत मात्र तसं सहज घेऊ नये. तीन वर्षांनी पुन्हा, असं अ‍ॅप म्हणत असेल आणि कार्डावर डॉक्टरांनी एक वर्ष लिहिलं असेल, तर कार्ड खरं. कुत्र्याने कुणाला चावा घेतला तर पहिला प्रश्न याच तारखेचा येतो. तरीही, नोंद कितीही चोख असली तरी चावा बसलेल्या माणसाने जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच उपचार सुरू करायचे असतात, आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं.

खाण्याच्या बाबतीतही हाच गुंता, फक्त रोजचा. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, म्हणून फोन चार वेळा वाजतो. वाजला म्हणजे खाल्लं असं नाही. आईने आठ वाजता दिलं, कॉलेजला निघालेल्या मुलाने साडेआठला परत दिलं, दुपारी आजीने पोळीचे तुकडे टाकले ते कुठेच लिहिलेले नाहीत. चार माणसांच्या घरात एकाच खात्यावर सगळ्यांना नोंद करता येते का, हे गजरापेक्षा कामाचं. नोंदीत ग्रॅम लिहावेत, ‘एक वाटी’ नको; प्रत्येकाच्या हाताची वाटी वेगळी. जुलाबासाठी पिल्लू दवाखान्यात नेलं की डॉक्टर मागच्या दोन दिवसांचं खाणंच विचारतात.

वजन मात्र दोन्हीकडे लागतं आणि तेच जुनं राहतं. खाद्याच्या पाकिटावरचा तक्ता वजनावर चालतो, जंताच्या औषधाचा डोसही वजनावरच. वाढत्या पिल्लाचं महिन्याभरापूर्वीचं वजन अ‍ॅपमध्ये असेल, तर त्यावरून निघालेला प्रत्येक आकडा कमीच येणार. घरच्या काट्यावर पिल्लाला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, वजाबाकी करायची. सुरुवातीचे महिने दर आठवड्याला.

नोंदीचा खरा कस परदेशी जाताना लागतो. नोकरीसाठी जर्मनीला निघालेलं मराठी कुटुंब कुत्रा बरोबर नेणार असेल, तर युरोपीय संघाच्या नियमांत क्रम ठरलेला आहे. आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस. चिप बसवण्याआधी दिलेली लस तिथे धरली जात नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा नसतो. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घ्यायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने. अ‍ॅपमध्ये चिपसाठी रकाना असतो, पण तिथे बहुधा फक्त क्रमांक मागतात, बसवल्याची तारीख नाही. ती शेऱ्यांच्या जागेत लिहून ठेवावी आणि कार्डावरही डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, रेबीजच्या लेबलाच्या वरच्या ओळीत.