इन्सुलिनचं पेन की बाटली-सिरिंज? आधी ४० आणि १०० चा घोळ समजून घ्या

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की मेडिकलवर पहिला प्रश्न येतो, पेन देऊ का बाटली. बरेच जण फक्त किंमत बघून ठरवतात. किंमत बघायचीच, पण औषध तेच असलं तरी दोघांची ताकद वेगळी असते आणि खरा धोका तिथे आहे, म्हणून ते आधी.

आपल्याकडे १० मिलीची जी साधी बाटली मिळते ती बहुतेक वेळा ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, अख्ख्या बाटलीत ४००. पेनची ३ मिलीची कार्ट्रिज १०० ची असते, एका मिलीत १०० युनिट, एकूण ३००. सिरिंजपण दोन प्रकारच्या येतात, लाल टोपीची ४० साठी आणि केशरी टोपीची १०० साठी. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच पाहिजे, टोपीच्या रंगावर भागवू नका, आकडा वाचा.

आता समजा अमळनेरचे एक आप्पा आहेत, सकाळी २० आणि संध्याकाळी १२ युनिट घेतात, वर्षानुवर्षं बाटलीवर होते आणि पोराने पेन आणून दिलं. एके दिवशी पेनचं बटण अडकलं, म्हणून सूनबाईंनी घरात पडलेल्या जुन्या लाल सिरिंजने कार्ट्रिजमधून २० च्या रेषेपर्यंत औषध ओढलं. लाल सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिली, आणि १०० च्या औषधाच्या अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात, म्हणजे अडीचपट डोस गेला. थोड्या वेळात घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस काहीतरीच बडबडायला लागतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी शुगर बघायची, ७० च्या खालीच असेल तर परत द्यायची, पण एवढा डोस गेलाय म्हटल्यावर शुगर पुन्हा पुन्हा खाली जाते म्हणून दवाखाना गाठायचाच. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना.

उलटं झालं, म्हणजे ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज, तर २० च्या रेषेला फक्त ८ युनिट जातात. हे लवकर लक्षातच येत नाही, शुगर तीनशेच्या खाली येत नाही आणि घरचे आप्पांच्या खाण्यावर चिडत बसतात.

खर्चाचं बघू. आप्पांचे दिवसाला ३२ म्हणजे महिन्याला ९६० युनिट, बाटल्या लागतील साधारण अडीच. पेनमध्ये दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे असतात, सुईतून थेंब आला की मगच डोस लावायचा, म्हणून रोजचे ३६ धरा, महिन्याला साडेतीन-चार कार्ट्रिज. साध्या इन्सुलिनची बाटली दीडशेच्या आसपास आणि कार्ट्रिज तीनशे-चारशेला धरली (कंपनीनुसार बदलतं) तर पेन तिपटीच्या वर जातं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं तर तेही बहुतेक बाटलीच असते.

मग पेन कोणाला? ज्याला सिरिंजच्या बारीक रेषा दिसत नाहीत, हात कापतो, किंवा डोस पाच-सहा युनिटांचाच आहे त्याला, कारण छोट्या डोसात एका रेषेची चूकपण मोठी असते आणि पेनमध्ये एकेक युनिट टिक-टिक वाजत पुढे सरकतं. शेतात, लग्नाला, एसटीत जाणाऱ्यालाही पेनच सोयीचं. घरात रोज डोस भरून देणारं नजर चांगली असलेलं माणूस असेल आणि पैशाची ओढाताण असेल तर बाटलीच घ्या, नीट भरली तर ती कुठेच कमी पडत नाही. परवडत नाही म्हणून पेनवाला डोस चुकवत असेल तर त्यापेक्षा बाटली शंभर पटीने बरी.

पेनमध्ये चुका होतात त्या वेगळ्या. बटण दाबलं की सुई लगेच काढतात, मग थेंब बाहेर गळतो, दहा आकडे मोजेपर्यंत सुई आत ठेवायची. सुई पेनला तशीच लावून ठेवली तर आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात औषध गळतं आणि आत हवा शिरते. दुधाळ इन्सुलिन असेल तर पेन असो की बाटली, आधी तळहातात हलकं फिरवून एकसारखं करायचं, गुठळ्या दिसल्या तर टाकून द्यायचं. ४५ डिग्रीत चालू पेन खिशात किंवा गाडीच्या डिकीत नको, लाईट जात असेल तर डब्यात घालून माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवा, फ्रीज असला तरी बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

पेन बिघडलं तर काय, याची सोय डॉक्टरांना विचारून आधीच करा, त्याच इन्सुलिनची ४० ची एक बाटली आणि लाल टोपीच्या दोन-चार सिरिंजा एकाच डब्यात, सिरिंजा डब्याबाहेर काढून ठेवायच्या नाहीत आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, "पेनच्या कार्ट्रिजला वापरू नये".