मोजपात्रातला दगड आणि राजाचा मुकुट

सातवीच्या विज्ञानाच्या तासाला मोजपात्रात दगड सोडून त्याचे आकारमान काढण्याआधी बहुतेक शिक्षक आर्किमिडीज, राजाचा मुकुट आणि न्हाणीघरातली धावपळ एवढी गोष्ट सांगून घेतात. मुलांना ती आवडते. मात्र टेबलावरचा प्रयोग त्या गोष्टीतून सरळ उतरलेला नाही.

आर्किमिडीज इ.स.पू. २१२ मध्ये मारला गेला. तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या त्याच्या ग्रंथात मुकुटाचा उल्लेखही नाही. ती कथा येते रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसकडून, जवळजवळ दोनशे वर्षांनंतर. त्याच्या सांगण्यानुसार सोनाराने मुकुटात चांदी मिसळली का हे शोधायला आर्किमिडीजने भांडे काठोकाठ भरले, त्यात मुकुटाच्या वजनाचे चांदीचे आणि नंतर सोन्याचे गोळे बुडवले, शेवटी मुकुट बुडवला, आणि दर वेळी किती पाणी सांडले ते मोजले.

हे आकड्यांत मांडून बघू. मुकुट १ किलोचा धरला. शुद्ध सोने असेल तर त्याचे आकारमान सुमारे ५२ मिली होते. सोनाराने ३०० ग्रॅम सोने काढून तेवढी चांदी मिसळली असेल तर सुमारे ६५. म्हणजे चोरी पकडायची ती १३ मिलीच्या फरकावर. मुकुट मावेल असे, तोंडाशी २० सेंटीमीटर रुंद भांडे घेतले, तर १३ मिलीने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही बदलत नाही. शिवाय काठोकाठ भरलेले पाणी काठावर किंचित फुगून उभे राहते. तो फुगवटा १ मिलिमीटरचा असला तरी त्यात ३० मिलीपेक्षा जास्त पाणी असते. चोरी त्यातच बुडून जाईल.

गॅलिलिओलाही ही रीत ढोबळ वाटली होती. १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एका छोट्या लेखात वेगळी रीत सुचवली: मुकुट तराजूला टांगून पाण्यात तोलायचा आणि वजनात आलेली घट बघायची. त्या तराजूच्या दांडीवर बारीक तार गुंडाळून तो तिचे वेढे मोजत असे. ही रीत खरोखर चालते, पण तिच्यात आकारमान डोळ्यांना दिसत नाही.

ते दिसू लागले अरुंद, खुणा केलेल्या काचेच्या नळीमुळे, आणि ती आणली रसायनवाल्यांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कापड ब्लीच करणाऱ्या द्रावाची ताकद तपासायला देक्रोआझीय नावाचा रसायनज्ञ अशा नळ्या वापरू लागला. त्याच सुमारास, १७९५ मध्ये, लिटर ठरले ते लांबीच्या मापावरून: १० सेंटीमीटर बाजूच्या घनाइतके. म्हणून २ सेंटीमीटर बाजूचा धातूचा ठोकळा टाकला की पाणी बरोबर ८ मिली चढते. माझ्या मते तासाची सुरुवात या ठोकळ्याने व्हावी, दगड नंतर. पट्टीने काढलेले आकारमान आणि पाण्याने दाखवलेले आकारमान एकच आहे हे मुलांनी एकदा पडताळले, की पट्टी न लागणाऱ्या दगडाचे उत्तर त्यांना पटते.

१०० मिलीचे मोजपात्र आतून साधारण अडीच सेंटीमीटर रुंद असते. भांड्यात हरवणारे ते १३ मिली इथे अडीच सेंटीमीटरची उंच पायरी होऊन उभे राहतात. पाणी ५० वर, दगड सोडल्यावर ६३, आकारमान १३ मिली. दगड वरून टाकला तर पाणी उडते आणि काचेचा तळ फुटतो, म्हणून पात्र तिरके करून तो घसरवायचा किंवा दोऱ्याने सोडायचा. काचेत पाण्याचा पृष्ठभाग खोलगट दिसतो. डोळे त्याच्या तळाच्या रेषेत आणून वाचायचे. वरून वाकून बघणारा मुलगा आकडा जास्त सांगतो. खडा अगदी लहान असेल तर १ मिलीच्या खुणांत तो वाचताच येत नाही. तेव्हा सारखेसे दहा खडे टाकून दहाने भागायचे. दगडावरून बुडबुडे सतत निघत राहिले आणि पाणी हळूहळू खाली येत गेले, तर दगड सच्छिद्र आहे आणि पाणी पितो आहे असे समजावे.

खरी अडचण मात्र वाचनात नाही. जाँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी १९४१ च्या त्यांच्या पुस्तकात मुलांना मातीचा गोळा दाखवून विचारले होते: तो पाण्यात सोडला की पाणी चढते, आता त्याचा आकार बदलला तर किती चढेल? वजन तेवढेच राहते हे कबूल करणारी मुलेही पाणी वेगळे चढेल म्हणत. ही समज साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास येते असे त्यांना आढळले. म्हणजे सातवीच्या वर्गात काहींना ती आलेली असते, काहींना नाही.

ते ओळखायला एकच प्रश्न पुरतो. एकाच मापाचे दोन गोळे, एक लोखंडी, एक ॲल्युमिनियमचा. कोणता पाणी जास्त चढवेल? गोळे हातात देऊन अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा. ‘लोखंडी’ असे लिहिणारी मुले दगडाच्या प्रयोगात अचूक १३ मिली काढतात आणि तरीही पाणी वजनाने ढकलले असे समजून घरी जातात. दोन्ही गोळ्यांना पाणी एकाच खुणेवर थांबले, की त्यातलेच कोणीतरी म्हणते, ‘सर, परत टाकून बघू का?’ तेव्हा परत टाकू द्यावा.