शमथ आणि विपश्यना: वाटा वेगळ्या कुठे झाल्या

घर सोडल्यावर सिद्धार्थ गौतम पहिल्यांदा आळार कालामांकडे गेले आणि नंतर उद्दक रामपुत्तांच्या परंपरेत शिकले. दोन्ही ठिकाणी त्यांनी ध्यानाची वरची पायरी गाठली. आळार कालामांकडे ‘काहीही नाही’ या जाणिवेत स्थिर होणारी समाधी होती. दुसरीकडे तिच्याही पलीकडची समाधी होती, जिथे संज्ञा आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. तरीही ते दोन्हीकडून निघाले. या समाधीने मन विलक्षण शांत होतं, पण दुःखाचं मूळ तसंच राहतं, हे त्यांचं कारण पाली ग्रंथांत नोंदलेलं आहे. पुढे त्यांनी समाधी टाकून दिली नाही. सम्यक समाधी म्हणून तीच अष्टांगिक मार्गात आली. मात्र मुक्कामाची जागा म्हणून नव्हे, तर पुढच्या कामाचं साधन म्हणून.

मन शांत आणि स्थिर करण्याची ही साधना म्हणजे शमथ. पुढचं काम, म्हणजे जे घडतं ते जसंच्या तसं पाहून ओळखणं, ही विपश्यना. अंगुत्तर निकाय या पाली सूत्रसंग्रहातलं एक लहानसं सूत्र दोघींची विभागणी मोजक्या शब्दांत करतं: शमथ वाढवला की चित्त विकसित होतं आणि राग, म्हणजे आसक्ती, सुटते, विपश्यना वाढवली की प्रज्ञा विकसित होते आणि अविद्या सुटते. त्याच निकायात बुद्धांचे शिष्य आनंद सांगतात की कोणी आधी शमथ आणि मग विपश्यना करतो, कोणी उलट क्रमाने जातो, कोणी दोन्ही जोडीने करतो. ध्यानातल्या खळबळीतून मन अखेरीस स्थिरावून वाट सापडलेलेही असतात. इथे दोन पंथ नाहीत की दोन शाळा नाहीत. एकाच साधकाच्या मनातल्या या दोन क्षमता आहेत.

त्यांना पद्धतशीर आराखडा दिला तो पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात. (मराठी वाचकाला या ग्रंथाशी नातं सांगता येतं. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी त्याचं देवनागरीत संपादन केलं आणि ते 1940 साली मुंबईत प्रसिद्ध झालं.) बुद्धघोष शमथाचे चाळीस विषय देतात. त्यातला श्वास घेतला तर साधक आधी श्वास मोजतो, पाचाच्या आत थांबत नाही आणि दहाच्या पुढे जात नाही. मन टिकू लागलं की मोजणं सोडून तो श्वासाच्या मागे जातो, मग स्पर्शाच्या जागी थांबतो. काही काळाने एखादं चिन्ह उमटतं. कोणाला ते ताऱ्यासारखं दिसतं, कोणाला कापसासारखं मऊ जाणवतं. त्याला निमित्त म्हणतात. आता श्वासाऐवजी ते निमित्तच आलंबन, म्हणजे लक्षाचा आधार, होतं आणि त्यावर मन स्थिरावलं की वासना, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि संशय हे पाच अडथळे मागे हटतात. मन एका जागी ठेवणं, भटकलं की परत आणणं आणि तिथेच राहण्यात त्याला गोडी लागणं, ही शमथाची तालीम.

विपश्यना तोच श्वास घेते, पण त्याला धरून ठेवत नाही. श्वास येतो आणि संपतो, त्याचा स्पर्श एक आणि त्या स्पर्शाला जाणणारं मन दुसरं, स्पर्श सुखद वाटला तर लगेच हवंसं वाटणं मागोमाग येतं, हे सगळं घडत असतानाच पाहायचं. निमित्त दिसलं तरी तेही उपजलं आणि मावळलं एवढंच. इथे मन टिकायला नव्हे, तर ओळखायला शिकतं: हे अनित्य आहे, याने समाधान टिकणार नाही, यात ‘मी’ म्हणून धरण्याजोगं काही नाही.

दोन्हींचा फरक चुकला तर काय होतं, याची विसुद्धिमग्गात सांगितलेली गोष्ट मला सगळ्या व्याख्यांपेक्षा मोलाची वाटते. उच्चवालिक इथले ज्येष्ठ भिक्खू महानाग थेर स्वतःला अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, समजत होते. त्यांचे शिष्य धम्मदिन्न खरोखरच अर्हत होते, आणि आपले गुरू अजून पोहोचलेले नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. ते भेटायला गेले, प्रश्न विचारले. गुरूंनी प्रत्येकाचं अचूक उत्तर दिलं. ही अवस्था कधी मिळाली, असं विचारल्यावर ते म्हणाले, साठ वर्षं झाली. मग शिष्याने विनंती केली की ऋद्धीने एक हत्ती निर्माण करा. पांढराशुभ्र हत्ती उभा राहिला. आता तो कान ताणून, शेपूट उभारून, सोंड तोंडात घालून, भयंकर चीत्कार करत तुमच्याच अंगावर येऊ द्या, असं शिष्य म्हणाले. तसं होताच थेर घाबरून पळायला उठले. शिष्याने चीवराचा काठ धरला आणि विचारलं, भंते, ज्याचे आस्रव, म्हणजे चित्तातले मळ, क्षीण झाले त्याला भीती असते का?

थेर खोटं बोलत नव्हते. ध्यान इतकं पक्कं होतं की साठ वर्षांत क्लेशांना, म्हणजे चित्तातल्या विकारांना, डोकं वर काढता आलं नाही, आणि न दिसणारे क्लेश संपलेच असं त्यांना वाटलं. शमथ क्लेश दाबून ठेवतो. विपश्यना पक्व होऊन मार्गज्ञान झालं तरच ते उपटले जातात. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच शांत दिसतात, म्हणून पारख शांततेवरून होत नाही. मनाला खरा धक्का बसला की होते. थेरांनी तिथेच चूक मान्य केली, शिष्याकडून ध्यानाचा विषय घेतला आणि चंक्रमणाच्या, म्हणजे चालत करायच्या ध्यानाच्या, तिसऱ्या पावलाला अर्हत झाले, असं ग्रंथ सांगतो. त्यांची विपश्यनाही कच्ची नव्हती, हे यात महत्त्वाचं. ध्यानात दिसणारा प्रकाश, प्रीती, गाढ शांती यांना फळ समजण्याचा धोका विपश्यना करणाऱ्यालाही असतो आणि बुद्धघोष हीच गोष्ट त्या धोक्याच्या संदर्भात सांगतात.

टीकाग्रंथांत आणखी एक साधक येतो: ध्यानसमापत्ती, म्हणजे समाधीच्या खोल अवस्था, न मिळवता थेट विपश्यनेने जाणारा ‘सुक्खविपस्सक’, कोरडा विपश्यी. त्याच्याजवळ क्षणाक्षणाची एकाग्रता असते, खोल ध्यानाचा ओलावा नसतो. ही सूट फार काळ ग्रंथातच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशात तिला अचानक महत्त्व आलं. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबा राजाला पदच्युत करून पुढे रत्नागिरीत ठेवलं, आणि भिक्खुसंघाचा राजाश्रय गेला. धर्म टिकवायचा तर तो गृहस्थांच्या हाती द्यायला हवा, या विचाराने लेडी सयाडॉ या भिक्खूंनी सामान्य माणसांसाठी सोप्या भाषेत लिहिलं. शेती किंवा नोकरी करणाऱ्याला वर्षानुवर्षं एकांत कुठून मिळणार? त्याच्यासाठी कोरडी वाट मोकळी झाली.

पुढे तिथलेच भिक्खू महासी सयाडॉ यांनी 1949 पासून रंगूनच्या केंद्रात श्वासाबरोबर पोट फुगणं आणि बसणं मनात नोंदवत थेट विपश्यना शिकवली. हे श्रीलंकेत पोचल्यावर तिथल्या काही विद्वान भिक्खूंनी जोरदार आक्षेप घेतला: खोल ध्यानाशिवाय सम्यक समाधी कशी पुरी होईल? सूत्रांत सम्यक समाधीची व्याख्या चार ध्यानांनीच केली आहे, त्यामुळे हा आक्षेप मला हलका वाटत नाही. महासी परंपरेचं उत्तर क्षणिक समाधीचं होतं, आणि वाद आजही मिटलेला नाही.

लेडी सयाडॉ यांच्याच परंपरेतून, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकून, सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीत शिकवली जाते ती पद्धत आधी खोल ध्यान आणि थेट कोरडी विपश्यना या दोन टोकांच्या मधे बसते. दहा दिवसांतले पहिले सुमारे साडेतीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, असतं: लक्ष नाकपुड्या आणि वरच्या ओठामधल्या लहानशा जागेवर. मग संपूर्ण शरीरावरच्या संवेदना अनित्यतेच्या भानाने पाहायच्या. जुन्या साधकांच्या दीर्घ शिबिरांतही साधारण पहिला एक तृतीयांश काळ आनापानालाच दिलेला असतो.