पार्श्वभूमी : गोव्यातल्या जाहिरातीत ‘मातृभाषा’ हा शब्द का अडतो

पाचवीच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या एका नव्या स्टार्टअपने मराठी पालकांसाठी जाहिरात लिहिली : ‘तुमच्या मुलाला मातृभाषेतून गणित.’ पुण्यात ही ओळ सहज खपली असती. गोव्यातल्या साखळी शहरातल्या एका आईने मात्र ती वाचून विचारलं, “म्हणजे कोकणीतून शिकवणार?”

तिचं काही चुकलं नव्हतं. गोव्यातल्या असंख्य घरांत बोलणं कोकणीत चालतं; वर्तमानपत्र, भजन, नाटकाची संहिता, लग्नपत्रिका मात्र मराठीत. अशा घराची मातृभाषा कोणती, यावर 1967 च्या, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का हे ठरवणाऱ्या जनमत कौलाच्या आधीपासून भांडण चालू आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरवली आणि मराठी सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी वापरता येईल अशी तरतूद ठेवली. मराठीप्रेमींना ही तडजोड अपुरी वाटली, मलाही वाटते. तेव्हापासून ‘मातृभाषा’ म्हटलं की ऐकणारा आधी बोलणाऱ्याची बाजू ओळखू पाहतो.

शाळांच्या अनुदानाने हा गुंता वाढवला. 1990 च्या धोरणानुसार अनुदान भारतीय भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच मिळू लागलं. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते द्यायचं ठरवलं. 2012 मध्ये सरकार बदललं, तरी ते बंद झालं नाही. त्याविरुद्धच्या आंदोलनांत ‘मातृभाषेतून शिक्षण’ ही घोषणा झाली. त्यामुळे जाहिरातीत तेच शब्द आले की पालकाला आंदोलनाचं पत्रक हातात आल्यासारखं वाटतं. मूल इंग्रजी शाळेत असेल, तर आपल्यालाच बोल लावताहेत असंही.

पालकाची खरी अडचण वेगळीच आहे. मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं मूल पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात जातं. चौथीत ज्याला ‘अंश’ आणि ‘छेद’ नीट कळत होते, ते ‘न्यूमरेटर’ ऐकून गप्प बसतं. गणित येत असतं, नाव ओळखीचं नसतं. म्हणून ओळ बदलली : ‘चौथीत अपूर्णांक, पाचवीत फ्रॅक्शन. गणित तेच, ओळख आम्ही करून देऊ.’

सूर ठरवताना दोन गोष्टी कटाक्षाने टाळल्या. ‘आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ हे परिपत्रकासारखं वाटतं. उलट मराठी मजकुरात मधेच ‘भुरगीं’ हा मुलांसाठीचा कोकणी शब्द टाकला, तर बाहेरचा माणूस लाडीगोडी लावतोय असं वाटतं. छापील मजकूर सरळ मराठीत, ‘तुम्ही’ म्हणून. पालकसभेत बोलणारी शिक्षिका मात्र कोकणीत. पत्रकावर ‘मातृभाषा’ कुठेच नाही. त्या जागी एकच गणित मराठी आणि इंग्रजीत एकाखाली एक छापलं आहे : ‘अर्धा + पाव = पाऊण’ आणि खाली ‘हाफ प्लस क्वार्टर’.