येन वधारला: घबराटीने की सरकारी खरेदीने?

USD/JPY च्या चार्टवर २०२४ च्या उन्हाळ्यातल्या दोन लांब लाल कँडल शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली ११ जुलैची: डॉलर साधारण १६१.७ येनवरून अर्ध्या तासाच्या आसपास १५७.४ पर्यंत घसरला. दुसरी ५ ऑगस्टची: शुक्रवारच्या १४६.५ वरून सोमवारी १४१.७ च्या आसपास. नुसता आकार पाहिला तर दोन्हींचा अर्थ एकच वाटतो: बाजार घाबरला आणि पैसा सुरक्षित येनकडे धावला. दुसऱ्या कँडलबाबत हे बरोबर आहे. पहिल्या कँडलमध्ये मात्र येन विकत घेणारं जपानचं अर्थ मंत्रालय होतं.

नव्याने चार्ट पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. USD/JPY म्हणजे एका डॉलरला किती येन. आकडा खाली गेला की येन वर जातो. जोडीत येन दुसऱ्या बाजूला असल्यामुळे लाल कँडल ही येनची तेजी असते.

घाबरल्यावर येन का वधारतो, हे समजलं की दोन कँडलमधला फरक आपोआप दिसू लागतो. लोक समजतात तसं दर वेळी कोणी धावत जाऊन जपानी रोखे घेत नाही. बहुतेक वेळा लोक आधी घेतलेलं कर्ज फेडत असतात. जपानमधले व्याजदर अनेक वर्षं शून्याच्या आसपास होते, त्यामुळे येन स्वस्तात उसना घ्यायचा, तो विकून डॉलर, मेक्सिकन पेसो किंवा ऑस्ट्रेलियन डॉलर घ्यायचे आणि तिथलं जास्तीचं व्याज खायचं, हा धंदा जगभर चालतो. हाच कॅरी ट्रेड.

एक हिशेब करून पाहू. जुलै २०२४ मध्ये १६० च्या भावाने १ कोटी येन उसने घेऊन विकले, तर हाती ६२,५०० डॉलर आले. त्यावर ५.३ टक्क्यांनी वर्षाला सुमारे ३,३०० डॉलर व्याज मिळतं, आणि येनवरचं व्याज जवळजवळ नगण्य. आता भाव १४२ वर आला. तेच १ कोटी येन परत करायला सुमारे ७०,४०० डॉलर लागतात. तोटा ७,९०० डॉलर, म्हणजे दोन वर्षांहून जास्त व्याज एका महिन्यात गेलं. हा सौदा दहापट उसनवारीवर केलेला असेल तर भाव १४२ पर्यंत पोहोचायच्या आधीच मार्जिन संपतं, ब्रोकर पोझिशन कापतो, म्हणजे बाजारातून येन विकत घेतो. त्या खरेदीने येन आणखी वर जातो आणि पुढच्याची पोझिशन कापली जाते. घबराटीत येनची चाल इतकी उभी का असते, याचं मुख्य कारण ही साखळी आहे.

आता यातली कळीची गोष्ट पाहा. कॅरी ट्रेड उलटतो तेव्हा नुसता येन विकत घेतला जात नाही, समोरचं चलनही विकलं जातं. पेसोत पैसे ठेवले असतील तर पेसो विकावाच लागतो. सरकारी हस्तक्षेपात तसं होत नाही. टोकियो डॉलर विकतं आणि येन घेतं. ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा स्विस फ्रँकशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून दोन्ही चालींचा खुणेचा दगड USD/JPY वर सापडत नाही. तो येनच्या बाकीच्या जोड्यांमध्ये, म्हणजे क्रॉसमध्ये सापडतो.

११ जुलैला हा फरक कसा दिसला? भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजता अमेरिकेचा जूनचा महागाईचा आकडा आला. तो अपेक्षेपेक्षा नरम होता, किमती महिनाभरात ०.१ टक्क्याने उतरल्या होत्या. डॉलर सगळ्यांविरुद्ध थोडा खाली आला, आणि तेवढ्यात टोकियोने वरून खरेदी केली. EUR/USD त्या वेळी १.०८३५ च्या आसपासून १.०९ पर्यंत गेला, म्हणजे डॉलरची सर्वसाधारण घसरण फार तर अर्धा-पाऊण टक्का. पण USD/JPY तब्बल २.७ टक्के पडला होता. उरलेले दोन टक्के कुठून आले, ते EUR/JPY सांगतो: १७५ च्या वरून १७१.६ च्या आसपास, साधारण दोन टक्के. येनच्या सगळ्याच जोड्या जवळपास सारख्याच मापाने खचल्या, आणि येन नसलेल्या जोड्या मात्र आपापल्या जागी बऱ्यापैकी शांत होत्या. एकच चलन हललं की चित्र असं दिसतं.

५ ऑगस्टला चित्र वेगळं होतं. शुक्रवारच्या बंद भावापासून सोमवारच्या तळापर्यंत AUD/JPY साधारण ९५.४ वरून ९० च्या आसपास आला, म्हणजे साडेपाच टक्के. USD/JPY सव्वातीन टक्के पडला आणि EUR/JPY त्याच्याच आसपास. CHF/JPY मात्र जेमतेम दीड टक्का, कारण घबराटीत फ्रँकलाही मागणी असते आणि तो येनच्या बरोबरीने वर जात होता. येनच्या जोड्यांची अशी उतरंड लागली: सर्वांत जोखमीचं चलन सर्वांत खोल, सर्वांत सुरक्षित चलन सर्वांत वर. ही उतरंड दिसली की समजावं, बाजार जोखीम सोडतो आहे. AUD/USD सुद्धा त्याच दिवशी ०.६३५ पर्यंत खाली आला होता. त्यात येन कुठेच नाही, म्हणून तो पुरावा आणखी भक्कम.

त्या सोमवारी जपानचा शेअर निर्देशांक निक्केई ४,४५१ अंकांनी, म्हणजे १२.४ टक्क्यांनी कोसळला. अंकांच्या हिशेबाने ही त्याची तोवरची सर्वांत मोठी घसरण होती. आपल्याकडे सेन्सेक्स २,२०० अंकांहून जास्त पडला. रुपया त्याच दिवशी डॉलरसमोर घसरला आणि येन डॉलरसमोर वधारला, त्यामुळे येन-रुपयाच्या चार्टवर ती उडी दोन्हीकडून मिळून आणखी मोठी दिसली.

ती घबराट निव्वळ भीतीतून आलेली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने आपला दर ०.२५ टक्क्यांवर नेला होता. २ ऑगस्टला अमेरिकेतली बेरोजगारी ४.३ टक्के निघाली. व्याजातली दरी दोन्ही टोकांनी आकसू लागली आणि कॅरीचा पाया हलला. भीती त्यावर स्वार झाली. अमेरिकी फ्युचर्स बाजारातली सट्टेबाजांची येनमधली निव्वळ विक्री जुलैच्या सुरुवातीला सुमारे १ लाख ८४ हजार करारांची होती, एक करार १ कोटी २५ लाख येनचा. ६ ऑगस्टच्या आकड्यात ती ११ हजारांच्या आसपास उरली. मंगळवारची ही आकडेवारी शुक्रवारी प्रसिद्ध होते, त्यामुळे आजची चाल ओळखायला ती उशिरा येते. पण घबराट आली तर येनमध्ये किती दारूगोळा भरलेला आहे, ते तिच्यातून आधी कळतं.

लोक हमखास फसतात त्या दोन जागा आहेत. पहिली म्हणजे शेअर निर्देशांक. ११ जुलैला अमेरिकेचा S&P 500 जवळपास एक टक्का खाली बंद झाला आणि नॅस्डॅक त्याहून जास्त, त्यामुळे येनच्या तेजीला घबराटीचं लेबल लावणं सोपं होतं. पण त्याच दिवशी छोट्या कंपन्यांचे शेअर तीन टक्क्यांहून जास्त वर गेले आणि बाजारातल्या भीतीचं माप मानला जाणारा VIX १३ च्या आतच बंद झाला. पैसा बड्या टेक कंपन्यांतून निघून दुसरीकडे जात होता, बाजाराबाहेर नाही. ५ ऑगस्टला VIX अमेरिकी बाजार उघडण्याआधी ६५ च्या वर दिसला. त्या आकड्यात पातळ बाजारातल्या रुंद भावांचा मोठा हात होता, म्हणून बंद होतानाचा साडेअडतीसच्या वरचा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. घबराटीसाठी तोही पुरेसा होताच.

दुसरी जागा अमेरिकी रोख्यांचं यील्ड, म्हणजे त्यांच्यावरच्या परताव्याचा दर. ते दोन्ही दिवशी खाली आलं. USD/JPY यील्डबरोबर हलतो, हे खरं आहे, पण म्हणूनच यील्ड पाहून या दोघांत फरक करता येत नाही.

हस्तक्षेपाचा पक्का पुरावा कधी मिळतो? त्या रात्री जपानी अधिकारी बहुधा हो किंवा नाही, काहीच म्हणत नाहीत. सौद्याचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांनी चुकते होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँक ऑफ जपान आपल्या चालू खात्यांच्या शिलकीचा जो अंदाज देते, त्यात सरकारी देवघेवीची ओळ पाहायची. टोकियोच्या मनी ब्रोकरांच्या आधीच्या अंदाजापेक्षा तिथे काही लाख कोटी येनची तफावत दिसली, तर खरेदी झाली असं समजायला हरकत नाही. अर्थ मंत्रालय महिन्याची एकूण रक्कम महिनाअखेरीस देतं आणि दिवसवार तपशील तिमाहीनंतर. ३१ जुलैला आलेला महिन्याचा आकडा सुमारे ५.५३ लाख कोटी येन होता. नंतरच्या तपशिलात त्यातले ३.१७ लाख कोटी ११ जुलैचे निघाले आणि बाकीचे १२ जुलैचे.

उतरंडीची ही परीक्षा मार्च २०२० ला लावून पाहिली की USD/JPY एकट्यावर का विसंबू नये ते लख्ख दिसतं. ९ मार्चला तेलाचे भाव कोसळले आणि डॉलर १०१.२ येनपर्यंत घसरला, अगदी पुस्तकातल्यासारखं. पुढच्या दोन आठवड्यांत महामारीची भीती वाढतच गेली, तरी डॉलर उलटा फिरून १११ येनच्या वर पोहोचला. येनचं सुरक्षित स्थान गेलं, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. झालं होतं वेगळंच. जगभरच्या कंपन्यांना आणि बँकांना देणी भागवायला रोख डॉलर हवे होते, आणि त्या टंचाईत डॉलर येनच्याही वर चढून बसला. येनची जागा ऑस्ट्रेलियन डॉलरच्या तुलनेत तशीच होती: १९ मार्चला, USD/JPY वर जात असतानाच, AUD/JPY ६० च्या आसपास येऊन पोहोचला होता.

२०२२ ची गोष्ट मात्र या परीक्षेने सुटत नाही. त्या वर्षी शेअर पडत होते, युक्रेनमध्ये युद्ध चालू होतं, आणि तरी डॉलर ११५ येनवरून ऑक्टोबरमध्ये १५२ च्या उंबरठ्यावर गेला. तेव्हाची भीती मंदीची नव्हती, वाढत्या व्याजाची होती. फेडरल रिझर्व्ह दर वाढवत होतं, बँक ऑफ जपान हलत नव्हती, आणि तेल-वायू आयात करणाऱ्या जपानला महाग इंधनासाठी जास्त डॉलर मोजावे लागत होते. कॅरी उलटवायचं कारणच नव्हतं, उलट तो आणखी गोड झाला होता. त्या वर्षात USD/JPY वर ज्या सर्वांत उभ्या लाल कँडल दिसतात, त्यातल्या २२ सप्टेंबर आणि २१ ऑक्टोबरच्या टोकियोच्या खरेदीच्या आहेत.