आवाजाचा काटा आवाजाने: नॉइज कॅन्सलिंगची पार्श्वभूमी

स्वयंपाकघरातली चिमणी चालू आहे, शेजारी कुकर चढवलेला. कानात नॉइज कॅन्सलिंगवाले इअरफोन. बटण दाबलं की चिमणीची घरघर जवळजवळ नाहीशी होते, पण कुकरची शिट्टी आधीसारखीच कानात घुसते. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा इअरफोन सदोष निघाले असंच वाटलं होतं. दोष त्यांच्यात नव्हता. या तंत्राची मर्यादा त्याच्या मूळ कल्पनेतच आहे, आणि ती कल्पना नव्वद वर्षांपूर्वीची आहे.

१९३०च्या दशकात पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने एक पेटंट मागितलं. अमेरिकेत ते १९३६ साली मंजूर झालं. त्यात एक लांब नळी आहे. नळीतून येणारा आवाज मायक्रोफोनने टिपायचा, तो वीजसंकेताच्या रूपात पुढे पाठवायचा आणि थोड्या अंतरावरच्या लाउडस्पीकरमधून उलटा करून सोडायचा. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. मूळ लहर जिथे दाब वाढवते तिथे दुसरीने तो तेवढाच कमी केला, तर दोन्ही मिळून उरते ती शांतता. यातली खरी हुशारी उलटी लहर काढण्यात नाही, वेळ साधण्यात आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो, वीजसंकेत त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणजे मूळ आवाज स्पीकरपाशी पोहोचेपर्यंत उत्तर तयार ठेवायला थोडी सवड मिळते. ल्यूगच्या काळातल्या व्हॉल्व्हवाल्या यंत्रणेला हे नेमकेपणाने जमणं अवघड होतं, आणि कल्पना बरीच वर्षं कागदावरच राहिली.

१९५३ मध्ये अमेरिकेत हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी वेगळा मार्ग दाखवला. सगळी खोली शांत करण्याच्या फंदात न पडता माणसाच्या डोक्याजवळ, मायक्रोफोनच्या अवतीभवती एक छोटा शांत पट्टा तयार करायचा. हा पट्टा किती मोठा होईल ते लहरीच्या लांबीवर ठरतं, ढोबळमानाने तिच्या एक दशांश. १०० हर्ट्झच्या घरघरीची लहर ३.४ मीटर लांब, तेव्हा शांत पट्टा चांगला ३४ सेंटिमीटरचा. १,००० हर्ट्झला तोच ३.४ सेंटिमीटरवर येतो. कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते. खोलीला न जमणारी गोष्ट कानाला जमते ती यामुळेच. मग हे तंत्र हेडफोनकडे वळलं, आणि त्याला गरजू गिऱ्हाईक मिळालं ते विमानात.

१९७८ साली झुरिकहून अमेरिकेला परतताना अमर बोस यांनी विमानात दिलेले हेडफोन लावले आणि इंजिनाच्या आवाजात संगीताची मजाच गेली. बोस तेव्हा एमआयटीत प्राध्यापक होते. त्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांपासून सुटून अमेरिकेत गेलेले. प्रवासातच बोस यांनी आकडेमोड सुरू केली, पण वस्तू बाजारात यायला अकरा वर्षं लागली. १९८६च्या डिसेंबरात डिक रुटान आणि जीना येगर यांनी व्हॉयेजर विमानातून कुठेही न थांबता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्याजवळ या हेडफोनचे चाचणी नमुने होते. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीला आला. विमानाचं इंजिन म्हणजे एकसुरी, खालच्या पट्टीतली, तासन्‌तास न बदलणारी घरघर. या तंत्राला याहून सोयीचा शत्रू मिळणार नव्हता.

आता कुकरच्या शिट्टीकडे येऊ. समजा इअरफोनमधली उलटी लहर १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, उशिरा पोहोचली. १०० हर्ट्झच्या घरघरीला हा उशीर एका आवर्तनाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे नगण्य. लहरीची उंची शंभरातली सहा एवढीच उरते. १,००० हर्ट्झला तोच उशीर आवर्तनाचा दहावा हिस्सा होतो आणि शंभरातले बासष्ट भाग तसेच राहतात. सुमारे १,७०० हर्ट्झला उशीर एक षष्ठांश आवर्तनाचा झाला की फायदा शून्य. त्याच्या वर उलटी लहर मूळ आवाजातच भर घालू लागते. ३,००० हर्ट्झला तर तो दीडपटीहून जास्त होईल. म्हणून इअरफोन बनवणारे वरच्या पट्टीत ही यंत्रणा मुद्दाम ढिली सोडतात आणि ते काम रबरी टोपीवर सोपवतात. बोलणं, शिट्टी, ताशाची तडतड जेवढी अडते ती बहुतेक या टोपीमुळे.

इअरफोनमध्ये सवड तरी किती? बाहेरचा मायक्रोफोन आणि आतला स्पीकर यांत दीड सेंटिमीटर अंतर धरलं, तर आवाजाला ते कापायला ४४ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात सगळा हिशेब उरकायचा. म्हणूनच ही गणितं इअरफोनमधल्याच चिपवर होतात, त्यासाठी आवाज फोनपर्यंत जात नाही. ब्लूटूथने व्हिडिओतले ओठ मागेपुढे झाले तरी घरघर दबण्यावर परिणाम होत नाही, तो याच कारणाने. बहुतेक चांगल्या इअरफोनांत आणखी एक मायक्रोफोन आतल्या बाजूला असतो. कानात प्रत्यक्षात काय उरलं ते तो ऐकतो आणि दुरुस्ती करत राहतो.

सुखाचा आणि त्रासाचा हिशेब इथूनच निघतो. एसी बसमध्ये किंवा विमानात घरघर गेली की गाणं कमी आवाजात पुरतं, हा कानांना होणारा सर्वांत मोठा फायदा. उलट शांत खोलीत दाबायला काही नसतं. तिथे मायक्रोफोनची स्वतःची बारीक खरखर ऐकू येते आणि काहींना घाट उतरताना कानात दडे बसतात तसं वाटतं. हवेचा दाब खरोखर बदललेला नसतो. खालच्या पट्टीतले आवाज एकदम गायब झाल्यावर मेंदू त्याचा अर्थ बहुधा तसा लावतो. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी कॅन्सलिंगची पातळी कमी करावी किंवा शांत जागी ते बंदच ठेवावं. सवय होईल म्हणून रेटत बसण्यात अर्थ नाही.

स्कूटरवर मागे बसल्यावर वेगळीच गंमत होते. वारा बाहेरच्या मायक्रोफोनच्या भोकावर भोवरे करतो. हा फडफडाट कानात तसा पोहोचत नसतो, पण यंत्रणा त्याचीही उलटी लहर काढते, आणि नसलेला आवाज दाबायला गेल्याने नवा आवाज जन्माला येतो. चालताना पावलागणिक धपधप ऐकू येते तिचं कारण आणखी निराळं: कानाची नळी बंद झाली की हाडांतून येणारे स्वतःचे आवाज आतच कोंडतात.

पैसे वाया गेल्याची तक्रार मात्र बऱ्याचदा टोपीच्या मापाची असते. फट राहिली की खालच्या पट्टीतली उलटी लहर तिथूनच गळते, आणि यंत्रणेचा जोर तर नेमका त्याच पट्टीत. पंख्याजवळ उभं राहून कॅन्सलिंग चालू करा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. घरघर आणखी कमी झाली, तर टोपी लहान पडते आहे. दोन्ही कानांना वेगळं माप लागणंही काही विशेष नाही.

रस्त्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हॉर्न बऱ्यापैकी ऐकू येतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण मागून येणाऱ्या बसची चाहूल हॉर्नच्या आधी इंजिनाच्या घरघरीने लागते, आणि इअरफोन पहिल्यांदा पुसतात ती हीच घरघर.